निपाणीच्या वेशीवरचा नवा नाका

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर देशात अमलात आला आणि त्याच दिवशी मुंबईच्या वेशीवरील जकातनाक्यांचा कारभार संपला. महाराष्ट्रातील इतर शहरांची जकात त्याआधीच उठलेली होती. मालमोटारींच्या लांबच लांब रांगा, नाक्यावरील खिडकी, पावतीसाठीची घासाघीस, हे सारे इतिहासजमा झाले. आणि सबंध देश ही एकच बाजारपेठ झाली, अशी ग्वाही सरकारने दिली. त्या ग्वाहीत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या कारखानदाराचा माल आज कोल्हापुराहून कोलकात्यापर्यंत कोठेही न अडता जातो, हे खरे आहे. परंतु ज्याचा माल मोटारीत नव्हे तर टपालाच्या पाकिटात मावतो, अशा अगदी लहान विक्रेत्यापुढे मात्र राज्याच्या सीमेवर एक नाका अजून उभा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो कायद्याच्या कलमात आहे. आणि त्याची झळ सर्वांत अधिक लागते ती ऑनलाइन बाजारपेठेवर आपला चार पैशांचा माल विकू पाहणाऱ्या घरगुती उत्पादकाला. त्या नाक्याविषयी आज चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केवळ मालाची विक्री करणाऱ्या दुकानदाराची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात त्याने वस्तू व सेवा कराची नोंदणी करण्याचे कारण नाही. आरंभी ही मर्यादा २० लाखांची होती. १ एप्रिल २०१९ पासून ती मालाच्या विक्रेत्यांपुरती वाढविण्यात आली. मर्यादेच्या आतील दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही, सरकारला देत नाही, आणि पत्रकेही भरीत नाही. लहान माणसाला हिशेबाच्या जंजाळात गुंतवू नये, कारण त्याच्याकडून मिळणाऱ्या करापेक्षा तो गोळा करण्याचा खटाटोपच मोठा होतो, हा यामागील शहाणपणाचा विचार. पण हाच माल त्या माणसाने ऑनलाइन बाजारपेठेवर विकावयास काढला, तर मूळ कायद्याच्या २४ व्या कलमाने हे सारे शहाणपण रद्द होत असे. तेथे उलाढालीचा प्रश्नच नव्हता. पहिल्या रुपयाच्या विक्रीपासून नोंदणी सक्तीची होती. दुकानाच्या फळीवर ३९ लाखांचा माल विकणारा मोकळा, आणि मोबाइलवर ३९ रुपयांचा माल विकणारा बांधलेला, असा तो न्याय होता.

या सक्तीस जोडूनच आणखी एक तरतूद आली. ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीने विक्रेत्याला त्याचे पैसे देताना त्यांतून काही अंश कापून घ्यावा आणि तो विक्रेत्याच्या नावे सरकारजमा करावा, अशी ही ५२ व्या कलमाची योजना. व्यवहारात तिला ‘टीसीएस’ म्हणतात. १ ऑक्टोबर २०१८ पासून ती प्रत्यक्षात आली. तेव्हा दर शेकडा १ रुपया होता. १० जुलै २०२४ पासून तो शेकडा अर्धा रुपया करण्यात आला. सक्तीच्या नोंदणीचे समर्थनही पुष्कळदा याच कपातीच्या आधारे केले जाई. कपात ज्याच्या खाती जमा करावयाची त्याचे खाते तर हवे, आणि नोंदणीवाचून खाते नाही, असा तो युक्तिवाद. म्हणजे छत्री ठेवण्यासाठी घर बांधावे, त्यातला प्रकार!

अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर सरकारला ही विसंगती पटली. वस्तू व सेवा कर परिषदेच्या चंडीगड येथे जून २०२२ मध्ये भरलेल्या बैठकीत सवलत तत्त्वतः मान्य झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलात आली. त्या दिवसापासून नोंदणीच्या मर्यादेत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकण्यासाठी नोंदणी लागत नाही. त्याने वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर आपला पॅन क्रमांक, धंद्याचा पत्ता व राज्य एवढी माहिती द्यावयाची. ती पडताळून त्याला एक एनरोलमेंट क्रमांक मिळतो. हा क्रमांक बाजारपेठेच्या कंपनीला कळविला की विक्रीस आरंभ करता येतो. अशा विक्रेत्याच्या पैशांतून टीसीएस कापला जात नाही. त्याला पत्रके भरावी लागत नाहीत. त्याने किती माल विकला याची माहिती कंपनीच दरमहा आपल्या जीएसटीआर-८ या पत्रकात सरकारला देते. कायद्याच्या दृष्टीने ही सुधारणा चांगली आहे आणि तिचे श्रेय आम्ही सरकारला मोकळ्या मनाने देतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांना ही सवलत ठाऊक नसेल, त्यांनी ती अवश्य समजून घ्यावी. कारण ‘जीएसटी नंबराशिवाय ऑनलाइन विकताच येत नाही’ ही जुनी समजूत अद्याप अनेकांच्या मनांतून गेलेली नाही.

परंतु सवलतीला एक अट आहे, आणि सारी मेख तिच्यात आहे. एनरोलमेंट क्रमांकावर विकणाऱ्याने राज्याबाहेर माल पाठविता कामा नये. एकाहून अधिक राज्यांत त्याला असा धंदाही करता येत नाही. राज्याबाहेरील मागणी त्याच्या नावावर स्वीकारली जाणार नाही, ही खबरदारी बाजारपेठेच्या कंपनीने घ्यावयाची. आणि ती घेतली नाही तर कंपनीला दहा हजार रुपये किंवा त्या व्यवहारावर होणारा कर, यांतील जी रक्कम अधिक असेल ती दंड म्हणून भरावी लागते. कंपनी अर्थातच हात राखून वागते. अशा विक्रेत्याचा माल परराज्यातील गिऱ्हाइकाला विकता येणार नाही, असा बंदोबस्त करणे तिला भागच आहे.

याचा अर्थ आमच्या कोल्हापुरापुरता किती विलक्षण होतो पाहा. कोल्हापूर हे महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचे शहर. येथून महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटते ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाला जाऊन थांबते. येथील कांदा-लसूण मसाल्याचे पाकीट त्या गाडीच्या सबंध मार्गाचा प्रवास करून गोंदियास पोचले, तरी त्यासाठी नोंदणीची आवश्यकता नाही. परंतु तेच पाकीट चाळीस-एक किलोमीटरवरील निपाणीला पाठवावयाचे म्हटले, की कायदा आडवा येतो. कारण निपाणी कर्नाटकात आहे. ज्या गावात कोल्हापूरच्या मुली नांदतात, ज्या गावाची माणसे दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला कोल्हापुरास येतात, तेथील गिऱ्हाईक ऑनलाइन बाजारपेठेवर आमच्या विक्रेत्याला परके, आणि हजार मैलांच्या गप्पा मारणाऱ्या त्या बाजारपेठेत गोंदियाचे गिऱ्हाईक तेवढे आपले! सावंतवाडीच्या विक्रेत्याची गोव्याच्या बाबतीत, सोलापूरच्या विक्रेत्याची विजापूरच्या बाबतीत, आणि नंदुरबारच्या विक्रेत्याची सुरतेच्या बाबतीत हीच गत आहे. राज्याच्या मध्यभागी राहणाऱ्याला ही अट बोचणार नाही. सीमेवर राहणाऱ्याचा निम्मा नैसर्गिक बाजार ती कापून टाकते.

कोणी म्हणेल, मग नोंदणी करून टाकावी. त्यात एवढे काय मोठे? नोंदणीला सरकार फी घेत नाही, हे खरे. म्हणून तिची खरी किंमत काय पडते, याचा हिशेबच मांडून पाहू.

समजा, मंगळवार पेठेतील एक गृहिणी दोन मदतनीस बायांना हाताशी धरून मिरच्या निवडते, वाळविते, डंकावर कुटून आणते आणि मसाला तयार करून विकते. तिची महिन्याची विक्री ८४,००० रुपये, म्हणजे वर्षाची सुमारे दहा लाख. यांपैकी ५८,८०० रुपयांचा मसाला ती पेठेतील आणि ओळखीच्या घरांना हातोहात विकते. उरलेला २५,२०० रुपयांचा ऑनलाइन बाजारपेठेवरून जातो. त्यातील १८,९०० रुपयांचा महाराष्ट्रात खपतो आणि ६,३०० रुपयांची मागणी निपाणी, बेळगाव, मडगाव अशा राज्याबाहेरच्या गावांहून येते. मसाल्यावर शेकडा ५ रुपये कर आहे. ही बाई एनरोलमेंट क्रमांकावर राहिली, तर तिला कर भरावा लागत नाही. पण राज्याबाहेरची ६,३०० रुपयांची विक्री तिने सोडून द्यावयाची.

आता ती विक्री मिळविण्यासाठी तिने नोंदणी केली असे धरू. नोंदणी होताच कर केवळ राज्याबाहेर जाणाऱ्या पाकिटांवर लागत नाही. तो तिच्या सर्व विक्रीवर लागतो. शेजारणीला वाटीने मोजून दिलेला मसालाही त्यातून सुटत नाही. शेजारची दुसरी बाई नोंदणीवाचून तोच मसाला त्याच भावाने विकीत असल्यामुळे हिला भाव वाढविता येत नाही. म्हणजे कर तिच्या भावातूनच काढावयाचा. ८४,००० रुपयांत ८०,००० मालाची किंमत आणि ४,००० कर, असा तो विभाग पडेल. यांतून तिने स्वतः खरेदीवर दिलेला कर वजा मिळतो. नोंदलेल्या व्यापाऱ्याकडून तिने २०,००० रुपयांच्या मिरच्या व धने घेतले असतील, तर त्यावरील १,००० रुपये. आणि बाजारपेठेच्या कंपनीने दलाली व पोचणावळ मिळून ५,००० रुपये आकारले असतील, तर त्यावरील शेकडा १८ च्या दराने ९०० रुपये. एकूण वजावट १,९००. ती जाता सरकारला द्यावयाचे राहिले २,१०० रुपये.

हे त्रैराशिक शाळेतल्या मुलालाही सुटण्यासारखे आहे. ६,३०० रुपयांची जादा विक्री मिळविण्यासाठी या बाईने दरमहा २,१०० रुपये नवा कर द्यावयाचा. विक्रीचा एक तृतीयांश भाग! मसाल्याच्या धंद्यात मालाची किंमत, डंकाचे पैसे, मजुरी, पाकीट आणि दलाली जाऊन शेकडा तेहतीस कोणाच्या पदरात राहते? शिवाय लेखनिकाची फी निराळी. म्हणून हिशेब जाणणारी बाई नोंदणी करीत नाही. ती निपाणीचे गिऱ्हाईक सोडते. यात कर्नाटकाच्या तिजोरीला काही मिळत नाही, महाराष्ट्राच्या नाही, आणि केंद्राच्याही नाही. मिळतो तो फक्त गृहिणीला तोटा, आणि निपाणीच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कोठला तरी कारखान्यातला मसाला.

मधला मार्ग म्हणून आपसमेळ योजनेचे, म्हणजे ‘काँपोझिशन’चे नाव घेतले जाते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादकाने उलाढालीवर शेकडा १ रुपया भरावा आणि वजावट मागू नये, अशी ती सोपी योजना. १ ऑक्टोबर २०२३ पासून या योजनेतील विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठ मोकळी झाली आहे. आमच्या बाईला तिच्याखाली महिन्यास ८४० रुपये पडतील. पण राज्याबाहेर माल पाठविण्यास या योजनेतही मनाई आहे. म्हणजे तीन दारांपैकी दोन दारे सीमेच्या अलीकडेच उघडतात. सीमेपलीकडे उघडणारे एकमेव दार सर्वांत जड, आणि ते ढकलण्याचे काम सर्वांत दुबळ्या हातांकडे.

येथे टीसीएसविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्याविषयी विक्रेत्यांत गैरसमज पुष्कळ आहेत. टीसीएस हा निराळा कर नव्हे. तो आपल्याच कराची आगाऊ भरणा आहे. वरील बाईने नोंदणी केली, तर तिच्या ऑनलाइन विक्रीची कराविना किंमत २४,००० रुपये होते. परत आलेल्या मालाची किंमत वजा करून जी रक्कम उरते तिच्यावरच ही कपात असते. २४,००० ही अशी निव्वळ रक्कम धरली, तर कपात १२० रुपयांची होईल. राज्यातल्या १८,००० वर केंद्राचे ४५ व राज्याचे ४५, आणि राज्याबाहेरच्या ६,००० वर ३० रुपये, असा तिचा तपशील. २,१०० रुपयांच्या देण्यात हे १२० आधीच पोचले, असे समजावयाचे. रक्कम लहान आहे, आणि २०२४ मध्ये दर निम्मा केल्यापासून तिची टोचणीही कमी झाली आहे.

पण ती आपोआप पदरात पडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कंपनी पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आपले पत्रक भरते. त्यानंतर विक्रेत्याने संकेतस्थळावर TDS and TCS Credit Received या नावाचे पान उघडावे, तेथे आलेली रक्कम आपली आहे अशी मान्यता नोंदवावी आणि ते पान रीतसर सादर करावे. तेव्हा कोठे ती त्याच्या रोख खात्यात येते. हे न करणाऱ्याचे पैसे सरकारदरबारी तसेच पडून राहतात, आणि तो मात्र पूर्ण कर पुन्हा खिशातून भरतो. आपले पैसे असे अडकले आहेत की काय, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कंपनीच्या महिन्याच्या हिशेबात कपात दिसते, आणि रोख खात्यात तिची जमा दिसत नाही. दुसरी अडचण परत आलेल्या मालाची. मार्चमध्ये विकलेले पाकीट एप्रिलात परत आले, तर कंपनी ते एका महिन्यात दाखविते आणि विक्रेता दुसऱ्या; मग दोघांच्या पत्रकांतील आकडे जुळत नाहीत आणि खुलासा मागणारी नोटीस येते. मोठ्या व्यापाऱ्याकडे तिला उत्तर देणारा कारकून असतो. मंगळवार पेठेतील बाईकडे तो नसतो.

आणि नोंदणी म्हणजे पत्रकांचे न संपणारे व्रत. तिमाही पद्धत घेतली तरी वर्षाची आठ पत्रके होतात, आणि मधल्या आठ महिन्यांतील कर चलनाने भरावा लागतो. पावसाळ्यात मसाल्याचा धंदा बंद, विक्री शून्य. म्हणून पत्रक भरले नाही, तर शून्याच्या पत्रकालाही दिवसाला २० रुपये विलंबशुल्क चढते. विक्री असलेल्या पत्रकाला ते ५० रुपये आहे. लहानांसाठी त्याला अनुक्रमे ५०० आणि २,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, ही सरकारची कृपा. पण ती प्रत्येक पत्रकागणिक आहे, हे विसरता येत नाही. सलग दोन तिमाहींची पत्रके राहिली, तर नोंदणी रद्द होण्याची पाळी येते, आणि त्याबरोबर बाजारपेठेवरील दुकानही बंद होते.

आता सरकारची बाजू पाहू. ती अगदीच पोकळ नाही. वस्तू व सेवा कर हा माल जेथे वापरला जातो त्या राज्याचा कर आहे. कोल्हापूरचा मसाला निपाणीस गेला, तर त्यावरील राज्याचा वाटा कर्नाटकाचा. तो देण्यासाठी विक्रेत्याची नोंद हवी; अन्यथा परराज्यातून करमुक्त मालाची पाकिटे येत राहतील आणि स्थानिक व्यापाऱ्याला ती बुडवतील, ही कोणत्याही राज्याला वाटणारी भीती आहे. शिवाय एकच माणूस अनेक नावांनी विक्री करून मर्यादेखाली लपेल, अशीही शंका घेतली जाते. या कारणांनी राज्याबाहेरील विक्रीला मर्यादेची सवलत मुळातच दिलेली नाही. हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तू वगळल्या, तर साध्या टपालाने परराज्यात करपात्र माल पाठविणाऱ्यालाही नोंदणी करावीच लागते.

परंतु हीच कारणे सरकारने दुसरीकडे स्वतःच बाजूला ठेवली आहेत, त्याचे काय? सेवा पुरविणाऱ्याला ऑक्टोबर २०१७ पासून राज्याबाहेर सेवा देण्यास २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती सेवा ऑनलाइन बाजारपेठेमार्फत दिली तरी लागत नाही. कोल्हापुरातील एखादा तरुण मोबाइलवरून बेळगावच्या दुकानदाराच्या पाट्यांची नक्षी काढून देतो आणि वर्षाला १५ लाख मिळवितो, त्याला कायदा काही विचारीत नाही. त्याच गल्लीतील बाई बेळगावला वर्षाकाठी ७५ हजारांचा मसाला पाठवू म्हणते, तिला तो पहिल्याच पाकिटाला अडवितो. नक्षीवरचा कर बेळगावचा नव्हे काय? मग सहा वर्षे आधी जे सेवेला दिले, ते मालाला २०२३ मध्येही अर्धेच का दिले?

चुकवेगिरीच्या भयाचे म्हणाल, तर ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्री ही देशातील सर्वांत अधिक नोंदली जाणारी विक्री असावी. प्रत्येक पाकिटाचा पत्ता कंपनीच्या दफ्तरात असतो, प्रत्येक रुपया बँकेतून जातो, आणि विक्रेत्याचा पॅन सरकारपाशी असतो. अनेक नावांनी लपणारा माणूस येथे सापडणे जितके सोपे, तितके ते आठवड्याच्या बाजारात नाही. दिवा जेथे आधीच लावलेला आहे, तेथेच चोराचे भय दाखवून दार बंद ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

उपाय फार दूर शोधावयास नको. तो कायद्यातच एका ठिकाणी वापरात आहे. १ जानेवारी २०२२ पासून, घरपोच जेवण पोचविणाऱ्या कंपन्यांमार्फत होणाऱ्या उपाहारगृहांच्या विक्रीवरील कर साधारणपणे उपाहारगृहाने नव्हे, तर त्या कंपनीनेच भरावयाचा आहे. लहान खानावळीला त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कायद्याच्या नवव्या कलमाचे पाचवे पोटकलम ही सोय करते. पण त्यात ‘सेवा’ एवढाच शब्द आहे, ‘माल’ नाही. आमची सूचना अशी की, एनरोलमेंट क्रमांकावर विकणाऱ्या विक्रेत्याला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत राज्याबाहेर पाकिटे पाठविण्याची मुभा द्यावी, आणि तेवढ्याच पाकिटांवरील कर बाजारपेठेच्या कंपनीने कापून भरावा, अशी दुरुस्ती केंद्राच्या व राज्यांच्या कायद्यांत करावी. आमच्या उदाहरणात असा कर ३०० रुपये होतो. त्यातील केंद्राचा व कर्नाटकाचा वाटा त्यांना बिनबोभाट मिळेल. पेठेतील शेजारणीच्या वाटीवर कर बसणार नाही. आणि बाईला २,१०० च्या जागी ३०० रुपये द्यावे लागतील. स्थानिक व्यापाऱ्यालाही तक्रारीस जागा राहणार नाही, कारण बाहेरून येणारे पाकीट करमुक्त नसेल. कंपन्यांचे काम थोडे वाढेल. पण जेवणाच्या बाबतीत त्या ते काम करीतच आहेत.

सरकारने अलीकडे याच दिशेने काही पावले टाकली आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी परिषदेने दोन गोष्टी मान्य केल्या. एक म्हणजे लहान करदात्यांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी देण्याची पद्धत. ती १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाली. दुसरी म्हणजे अनेक राज्यांत ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना प्रत्येक राज्यात धंद्याचे मुख्य ठिकाण दाखवावे लागते, त्यासाठी सोपी नोंदणी योजना. हिला त्या वेळी तत्त्वतः मान्यता मिळाली आणि तपशील मागाहून परिषदेपुढे ठेवावयाचे ठरले. ज्याचा माल कंपनीच्या परराज्यातील गोदामात ठेवावा लागतो, त्याला या दुसऱ्या योजनेची खरी गरज आहे. परंतु दोन्ही योजना नोंदणी सोपी करतात, अनावश्यक ठरवीत नाहीत. ती तीस दिवसांत मिळाली काय आणि तीन दिवसांत मिळाली काय, मंगळवार पेठेतील बाईचे २,१०० रुपये त्याने कमी होत नाहीत. तिचे दुखणे नोंदणीच्या विलंबाचे नाही. एका पाकिटासाठी सबंध धंद्यावर कर बसतो, हे आहे.

कायदा बदलेपर्यंत आमच्या लहान विक्रेत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: राज्यातल्या राज्यात विकावयाचे असेल, तर कोणाच्या सांगण्यावरून घाईने नोंदणी करू नये, एनरोलमेंट क्रमांक घ्यावा, आणि राज्याबाहेर विकावयाचे असेल, तर बाहेरची विक्री आपल्या एकूण विक्रीच्या मानाने किती, हे आधी कागदावर मांडून पाहावे. बाहेरची विक्री मोठी आणि खरेदीवरील वजावट भरघोस असेल, तर नोंदणी परवडते. बाहेरची विक्री थोडी आणि घरची अधिक असेल, तर ती परवडत नाही.

पण हा हिशेब घरोघरी मांडण्याची वेळ येऊ नये, हे पाहणे राज्यकर्त्यांचे काम आहे. भारतभर व्यापार, वाणिज्य व दळणवळण मुक्त असेल, असे संविधानाचा ३०१ वा अनुच्छेद सांगतो. महाराष्ट्राचे मंत्री या परिषदेचे सभासद असतात. सीमेला लागून असलेल्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सिंधुदुर्ग, नांदेड, नंदुरबार या जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी त्यांच्यामार्फत ही दुरुस्ती परिषदेपुढे मांडावी, आणि कर्नाटक, गोवा व गुजरात यांच्या अर्थमंत्र्यांनाही ती पटवून द्यावी. कारण निपाणीचा विक्रेता कोल्हापूरला आणि मडगावचा सावंतवाडीला माल पाठवू पाहतो, तेव्हा त्याचीही अडचण हीच असते. जकातनाके उठविण्यास आपल्याला अनेक पिढ्या लागल्या. हा उरलेला नाका एका कलमाच्या दुरुस्तीने उठू शकतो. तो उठवावा, आणि तोही लवकर उठवावा, अशी आमची मागणी आहे.